पत्र रिक्रूटरला लिहायचंय, कमांडरला नाही

वाचकाचं पत्र

«मी आर्मी सर्व्हिस कोअरमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून २४ वर्षांच्या नोकरीनंतर मुदतपूर्व निवृत्ती घेतली. शेवटची तीन वर्षं एका स्टेशन हेडक्वार्टरमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कमांडंट होतो. निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयातर्फे एका व्यवस्थापन संस्थेत २४ आठवड्यांचा कोर्सही केला. आता कॉर्पोरेट ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये दुसरी कारकीर्द करायची आहे. गेल्या सात महिन्यांत चाळीसेक रिक्रूटर्सना पत्र आणि बायोडेटा पाठवला. दोघांचेच फोन आले. एकाने सिक्युरिटी मॅनेजरची जागा सांगितली, ती मी नाकारली. दुसऱ्याने पगाराची अपेक्षा विचारली आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. मी हजार माणसं सांभाळली आहेत. एका कंपनीचं ऑफिस सांभाळता येणार नाही का? पत्र सोबत जोडतोय. त्यात काय चुकतंय, की आमच्यासारख्यांना या क्षेत्रात जागाच नाही, ते स्पष्ट सांगा.»

कर्नलसाहेब, नमस्कार.

जागा आहे. ॲडमिनच्या पदांवर निवृत्त लष्करी अधिकारी घेणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि काही तर मुद्दाम तसाच माणूस मागतात. तेव्हा क्षेत्राची काळजी बाजूला ठेवा, आपण पत्राकडे वळू. मी ते वाचलं, आणि त्याहून जास्त वेळ तुमच्या बायोडेटावर घालवला. या कामात निम्मं आयुष्य गेल्यामुळे मला पहिल्या पानाआधी दुसऱ्या पानाचा तळ वाचायची सवय लागली आहे. त्या तळाशी काय सापडलं ते पुढे येईलच.

आधी तुमचं पत्र उघडणाऱ्या माणसाविषयी. रिक्रूटरकडे नोकऱ्या नसतात, त्याच्याकडे कंपन्यांच्या मागण्या असतात. आमच्या भाषेत त्यांना मँडेट म्हणतात. एखादी कंपनी त्याला सांगते की आम्हाला ॲडमिन हेड हवा, दोन इमारती आहेत, बाराशे कर्मचारी आहेत, पगाराचा पट्टा इतका ते इतका. माणूस रुजू झाला की कंपनी रिक्रूटरला त्या पदाच्या वार्षिक पगाराच्या काही टक्के फी देते. रुजू झालेला माणूस ठरलेल्या मुदतीत, साधारण तीन महिन्यांत, सोडून गेला तर बहुतेक करारांत रिक्रूटरला फुकटात दुसरा शोधून द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते. म्हणजे तो काम कंपनीचं करतो. तुमचं पत्र उघडताना त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात. आज माझ्या हातात असलेल्या मागणीत हा बसतो का? आणि याला पुढे पाठवलं तर माझी फजिती होईल का?

तुमच्या पत्राचा शेवट असा आहे: ‘माझ्या अनुभवाला आणि हुद्द्याला साजेसं कोणतंही आव्हानात्मक पद आपल्या नामांकित संस्थेत मिळाल्यास मी त्याला न्याय देईन.’ एक तर ‘आपली संस्था’ हा रिक्रूटर नव्हेच, तो मधला माणूस आहे. म्हणजे हे पत्र सगळ्यांना सारखंच गेलंय, हे त्याला शेवटच्या ओळीत कळतं. त्याहून अडचणीचं आहे ते ‘कोणतंही पद’. तुम्हाला वाटलं असेल की दार मोठं उघडं ठेवलं की संधी वाढतील. रिक्रूटरच्या बाजूने पाहिलं तर ‘कोणतंही’ म्हणणाऱ्यासाठी पद शोधण्याचं काम त्याच्या गळ्यात पडतं, आणि त्या कामाचे त्याला कोणी पैसे देत नाही. तो पत्र ‘पुढे बघू’ या फोल्डरमध्ये टाकतो. तिथून पत्रं फारशी बाहेर येत नाहीत.

आता सुरुवात. ‘भारतीय लष्करात २४ वर्षं विविध कमांड, स्टाफ आणि इन्स्ट्रक्शनल नियुक्त्यांवर काम केलेला, नेतृत्व, शिस्त, सचोटी आणि टीमवर्क या गुणांनी युक्त असा अधिकारी...’ यातला शब्दन् शब्द खरा असेल. पण वाचणारी बहुधा तिशीतली एक मुलगी आहे. स्टाफ नियुक्ती आणि कमांड नियुक्ती यांतला फरक तिला माहीत असण्याचं कारण नाही. टूआयसी, एक्यूएमजी, ॲडम कमांडंट ही अक्षरं तिच्यासाठी निव्वळ अक्षरं आहेत. कळलेले शब्द उरतात शिस्त आणि नेतृत्व, आणि तेवढ्यावरून तिला सुचणारी जागा कोणती? सिक्युरिटी मॅनेजर. तो पहिला फोन तुम्हाला अपमानासारखा लागला हे तुमच्या मजकुरात जाणवतं. माझ्या मते तो तुमच्या पत्राला मिळालेला प्रामाणिक प्रतिसाद होता. पत्रात जेवढं होतं तेवढ्यातून तेच निघत होतं.

यानंतर तुमच्या त्या वाक्याशी जरा भांडायचं आहे: ‘हजार माणसं सांभाळली आहेत, एका कंपनीचं ऑफिस सांभाळता येणार नाही का?’ येईल. पण हजार माणसांमुळे नाही. कॉर्पोरेट ॲडमिन हेडच्या हाताखाली त्याची स्वतःची माणसं बहुतेकदा मूठभर असतात, पाच-सात, फार तर पंधरा. झाडलोट करणारे, पँट्रीतले, गार्ड, ड्रायव्हर, एसी आणि जनरेटर बघणारे तंत्रज्ञ, हे सगळे ठेकेदारांचे. त्यांना तुम्ही हुकूम देऊ शकत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही तसा थेट हुकूम देणं धोक्याचं असतं, कारण ठेकेदाराच्या कामगारावर तुमचं थेट नियंत्रण दिसलं तर उद्या तो ‘मी याच कंपनीचा कामगार’ असा दावा करू शकतो. काम करून घ्यायचं ते करारातून. किती माणसं, कोणत्या पाळीत, कोणत्या दर्जाचं काम, उणीव राहिली तर बिलातून किती कापायचं, नोटीस कधी द्यायची, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. दुसऱ्या बाजूला सेल्सचा प्रमुख आहे. त्याला बैठकीची खोली आत्ता हवी असते, आणि तुम्ही त्याला ‘नाही’ म्हणू शकता पण ‘सावधान’ म्हणू शकत नाही.

म्हणूनच माणसांचा आकडा ऐकून कंपनीचा एचआर प्रमुख खूश होण्याऐवजी बिचकतो. आदेश देण्याची सवय असलेला गृहस्थ इथे विनवण्या कशा करेल, ही त्याची खरी शंका असते. ती तो तुमच्यासमोर बोलत नाही, रिक्रूटरला फोनवर सांगतो. तुमच्या पत्राने या शंकेचं उत्तर आधीच द्यायला हवं, आणि ते उत्तर तुमच्याकडे आहे.

बायोडेटाच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘इतर जबाबदाऱ्या’ या शीर्षकाखाली, गोल्फ स्पर्धेच्या आयोजनाच्या खाली एक ओळ आहे: स्टेशनच्या कंझर्व्हन्सी ठेक्याची पुनर्रचना, सुमारे १४० सफाई कर्मचारी, दोन वर्षांत तक्रार निवारण नऊ दिवसांवरून तीन दिवसांवर. कर्नलसाहेब, रिक्रूटरला दाखवायला यापेक्षा चांगली ओळ तुमच्याकडे नाही. ज्याला तुम्ही कंझर्व्हन्सी म्हणता त्याला कंपनीत हाउसकीपिंग म्हणतात. माणसं ठेकेदाराची, जागा तुमची, तक्रारी घरातून येणाऱ्या, पैसा ऑडिट होणारा. हे सगळं तुम्ही हुकमाविना चालवून दाखवलंय, कारण ठेकेदाराच्या माणसाला तिथेही तुम्ही कोर्ट मार्शल करू शकत नव्हता.

ही ओळ मुलाखतीत टिकेल का, हे एका उदाहरणाने तपासू. महिनाअखेर ठेकेदार बिल लावतो: १०० माणसं, २६ दिवस. जाणता ॲडमिन मॅनेजर त्या बिलावर लगेच सही करत नाही. तो चार कागद शेजारी शेजारी ठेवतो. गेटवरची हजेरी, ठेकेदाराचं वेतनपत्रक, पगार बँकेत जमा झाल्याचा तपशील, आणि पीएफ-ईएसआयची चलनं नावांच्या यादीसकट. समजा हजेरीत १०० नावं आहेत आणि पीएफच्या यादीत ८६. मग ती १४ माणसं कुठे गेली? कधी उत्तर साधं असतं, महिन्याच्या शेवटी रुजू झालेले बदली कामगार असतात. कधी ती माणसं कागदावरच असतात. आणि कधी माणसं खरी असतात, पण त्यांचा पीएफ भरलेलाच नसतो. हे तिसरं सर्वांत महाग पडतं. ठेकेदाराने पगार थकवला तर कायद्याने तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. आधी कंपनीने भरायचं, मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. कंपन्या ॲडमिनसाठी पिकलेल्या केसांचा माणूस का शोधतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. बिलाखाली सही करण्याआधी थांबणारा माणूस त्यांना हवा असतो.

तुम्ही ठेक्याची बिलं पास केली आहेत, संरक्षण लेखा विभागाच्या हरकतींना उत्तरं दिली आहेत. हा प्रश्न मुलाखतीत आला तर तुम्ही सहज बोलाल. तो प्रश्न यावा एवढ्यासाठी पत्र आहे.

उरलेल्या अनुभवाचंही असंच करायचं. सर्व्हिस कोअरमध्ये वाहनांची कंपनी चालवलीत, ती इथे कर्मचारी वाहतूक होते: मार्ग आखणं, इंधनाचा हिशेब, ड्रायव्हरची कागदपत्रं, रात्रपाळीच्या महिला कर्मचाऱ्यांना दारापर्यंत सोडणं. घरांचं वाटप तुम्ही केलंत, ते इथे कोणता विभाग कोणत्या मजल्यावर बसेल याच्या भांडणासारखं आहे, आणि भांडणाचा सूरही तोच असतो. एमईएसकडून, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेकडून, पाणी, वीज, दुरुस्ती करून घेतलीत, तेच इथे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, आणि ब्रेकडाउन. मेसची व्यवस्था म्हणजे कॅफेटेरिया. बटालियनच्या कवायती, सीमेवरची दोन वर्षं, पदकं ही बायोडेटात असू द्या, अभिमानाने असू द्या. पत्रात मात्र त्यांना एका ओळीपेक्षा जास्त जागा नको.

गोपनीयतेबद्दल एक सावधगिरी. युनिटचं नाव, ठिकाण, मनुष्यबळाचा नेमका आकडा, कोणत्या फॉर्मेशनखाली होतात, हे काही लिहू नका. त्याची गरजही नाही. ‘सुमारे १,८०० घरांची एक लष्करी वसाहत’ एवढं रिक्रूटरला पुरतं. आकडे गोल करा, जागा गाळा, आणि शंका वाटेल ती ओळ सरळ काढून टाका.

पत्र अर्थात इंग्रजीतून जाईल. त्यात काय आणि कोणत्या क्रमाने यावं हे कळण्यासाठी मी त्याचा मजकूर इथे मराठीत लिहिते. आकडे तुमच्याच बायोडेटातले आहेत, पाठवण्याआधी पुन्हा पडताळून घ्या.

विषय: ॲडमिन / फॅसिलिटी प्रमुख – १४० ठेका कामगार, ११ करार, ६० वाहनांचा अनुभव – एका महिन्यात रुजू होऊ शकतो

‘नमस्कार. आपण फॅसिलिटी आणि ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या जागा भरता असं आपल्या अलीकडच्या जाहिरातींवरून दिसलं, म्हणून लिहितो आहे. मी एक हजार ते तीन हजार कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात किंवा कारखान्यात ॲडमिन प्रमुख किंवा उपप्रमुख या कामासाठी विचारात घेण्याजोगा आहे.

गेली तीन वर्षं मी सुमारे १,८०० घरांच्या एका निवासी-कार्यालयीन वसाहतीचं प्रशासन पाहिलं. स्वच्छता, कीटकनियंत्रण, बागा, अतिथिगृह यांचे ११ करार माझ्याकडे होते. सुमारे १४० ठेका कामगारांचं काम, हजेरी आणि बिलांची पडताळणी माझ्या सहीने होत असे. सफाईचा ठेका मी क्षेत्रवार जबाबदारी आणि उणिवेसाठी कपात या पद्धतीवर बदलला. तक्रार मिटायला लागणारा सरासरी काळ नऊ दिवसांवरून तीनवर आला, आणि खर्च मंजूर तरतुदीत राहिला. त्याआधी ६० वाहनांच्या ताफ्याचं संचालन आणि देखभाल पाहिली.

हे काम लष्करात केलं. मी निवृत्त लेफ्टनंट कर्नल आहे, २४ वर्षं सेवा. निवृत्तीआधी २४ आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम पूर्ण केला. कार्यालयांचे भाडेकरार मी स्वतः हाताळलेले नाहीत. त्यांचा अभ्यास सध्या सुरू आहे.

ठिकाण बदलायला तयार आहे. वयाने लहान वरिष्ठांबरोबर काम मी कोर्सच्या प्रकल्पात केलं आहे आणि ते मला रुचलं. पगाराबाबत आपल्या मागणीतला पट्टा कळल्यास लगेच सांगू शकेन. दोन पानी बायोडेटा सोबत आहे.’

एवढंच. हे पत्र मोबाइलवर एका दमात वाचून होतं, आणि रिक्रूटर बहुतेक वेळा मोबाइलवरच वाचतो. लष्कर त्यात तिसऱ्या परिच्छेदात आलंय, ते मुद्दाम. आधी कामाचा आवाका दिसला की मग ‘लेफ्टनंट कर्नल’ हे शब्द वजन वाढवतात. तेच शब्द पहिल्या ओळीत आले की कामाकडे नजर जायच्या आत वाचणारा तुम्हाला गेटवर उभं करून मोकळा होतो. हुद्दा लपवायचा मात्र नाही. सहीत नावासोबत तो ‘(निवृत्त)’ असं जोडून असू द्या.

भाडेकरारांची ती ओळ तुम्हाला खटकेल. उणीव स्वतःहून का सांगायची? कारण रिक्रूटरला ती पुढे कळणारच आहे, आणि कंपनीसमोर कळली तर त्याची पंचाईत होते. दुसरं कारण असं की ती ओळ असली की वरच्या आकड्यांवर विश्वास बसतो. फक्त ‘अभ्यास सुरू आहे’ असं लिहिलंत तर तो खरोखर सुरू करा. कार्यालयाच्या भाडेकरारात लॉक-इन म्हणजे काय, सामाईक सोयींचं शुल्क कशावर आकारतात आणि ते वाढतं कसं, जागा सोडताना ती मूळ स्थितीत आणून द्यायचा खर्च कोणाचा, एवढे तीन मुद्दे समजले तरी मुलाखतीत तुम्ही गप्प बसणार नाही. सुरक्षेच्या ठेक्यांविषयी एक गोष्ट पाहून ठेवा. खासगी सुरक्षा संस्थांना २००५च्या कायद्याखाली राज्याचा परवाना लागतो. ठेकेदाराचा परवाना चालू आहे ना आणि त्या राज्याचा आहे ना, हे तपासणं ॲडमिनचं काम. वरचा माणूस हे विचारतोच.

वयाने लहान वरिष्ठांचं वाक्य मी तुमच्या कोर्सच्या प्रकल्पावरून लिहिलंय. तुम्ही पत्रात कळवलंत की तुमच्या गटाचा प्रमुख एक तरुण इंजिनीअर होता आणि तुमचं त्याच्याशी जमलं. जमलं नसेल तर ते वाक्य काढा. आणि मग दुसरी कारकीर्द हवी की सल्लागाराचं सुटं काम, याचा आधी घरात बसून विचार करा, कारण या क्षेत्रात तुमचा वरिष्ठ बहुधा चाळिशीच्या अलीकडचाच असेल.

आता दुसरा फोन, पगार विचारून गप्प झालेला. तुम्ही काय सांगितलंत ते पत्रात नाही, पण अंदाज येतो. बरेच अधिकारी शेवटचा पगार धरतात, त्यात घर, वैद्यकीय सेवा, कँटीन, मदतनीस या सगळ्याचे पैसे करून मिळवतात आणि ती बेरीज मागतात. हिशेब म्हणून ते चूक नाही. पण समोरची कंपनी त्या पदाचा पट्टा आधीच ठरवून बसलेली असते, आणि तुमच्या हुद्द्याची बाजारात ठरलेली किंमत नसते. लेफ्टनंट कर्नल म्हणजे जनरल मॅनेजर, असलं समीकरण कोणत्याही कंपनीच्या कागदावर नाही. मोठ्या कंपनीत पहिली जागा मॅनेजर किंवा सीनियर मॅनेजरची मिळाली तर ती सुरुवात म्हणून वाईट नाही. तिथे दीड-दोन वर्षांत बाजाराला तुमचं कॉर्पोरेट काम दिसतं आणि पुढची उडी त्यावर ठरते.

फोनवर पगार विचारला तर आकडा सांगण्याआधी उलट विचारा: ‘या जागेचा पट्टा काय आहे?’ बरेच रिक्रूटर सांगतात, कारण वेळ त्यांचाही वाचतो. नाहीच सांगितला तर एकच आकडा न देता पट्टा द्या, आणि तो सीटीसीत, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चात, आहे की हातात येणाऱ्या रकमेत, हे स्पष्ट करा. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल हेही धरलेलं असतं, त्यामुळे हातात पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. पेन्शनचा विषय तुम्ही काढू नका. समोरच्याने ‘तुम्हाला पेन्शन आहेच की’ असं म्हटलं, आणि म्हणतात, तर शांतपणे सांगा की ती झालेल्या कामाची आहे, पगार होणाऱ्या कामाचा. चिडून सांगितलंत तर मुद्दा बरोबर असूनही जागा जाते.

सिक्युरिटीची जागा पुन्हा आली तर? सरसकट नाकारू नका, सरसकट घेऊही नका. त्या जागेचं कामाचं वर्णन मागवा. त्यात वाहतूक, फॅसिलिटी, आणि स्वतःचा खर्चाचा अधिकार असेल तर ती नावाला सिक्युरिटी आणि कामाला ॲडमिन आहे. अशी जागा हे चांगलं दार आहे. फक्त गार्ड आणि कॅमेरे असतील तर दोन वर्षांनी तुमचा बायोडेटा सिक्युरिटीचाच दिसेल, आणि परत फिरायला आजच्यापेक्षा जड जाईल. सिक्युरिटी हे कमी दर्जाचं काम आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला ते करायचं नाही एवढंच मी तुमच्या पत्रात वाचलं.

एक तिसरं दार तुमच्या यादीत दिसलं नाही: फॅसिलिटी सांभाळण्याचे ठेके घेणाऱ्या मोठ्या कंपन्या. म्हणजे टेबलाची पलीकडची बाजू. तिथे एखाद्या ग्राहक कंपनीच्या संपूर्ण जागेची जबाबदारी असलेला साइट किंवा अकाउंट मॅनेजर लागतो, आणि या जागा ॲडमिन हेडच्या जागांपेक्षा वारंवार निघतात. पगार थोडा कमी, धावपळ जास्त, ग्राहकाचे टोमणे रोजचे. पण वर्षभरात कॉर्पोरेट इमारतीचं पूर्ण काम हातून जातं, आणि पुढे ज्या कंपनीची साइट सांभाळली तिनेच तुम्हाला ॲडमिनला घेणं ही या क्षेत्रात नेहमीची वाट आहे. अट इतकीच की तुमच्या करारात ग्राहकाकडे जाण्यावर बंदी किती काळाची आहे, ते रुजू होण्याआधी वाचायचं. तुमच्या जागी मी असते तर कंपन्यांच्या थेट जागा आणि ही वाट, दोन्ही एकाच वेळी चालवल्या असत्या.

पत्रं कोणाला? चाळीस जणांना एकच मेल, तोही सगळे पत्ते दिसतील असा, हे यापुढे नको. (हो, तुम्ही मला पुढे पाठवलेल्या मेलमध्ये ते सगळे पत्ते दिसत होते. त्यांनाही दिसले असणार.) नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर ‘ॲडमिन मॅनेजर’, ‘फॅसिलिटी मॅनेजर’ शोधा, त्या जाहिराती कोणते रिक्रूटर टाकतात ते टिपा, आणि अशा आठ-दहा जणांनाच लिहा. प्रत्येक पत्रात त्यांच्या एका चालू जागेचा उल्लेख करा आणि विषयाच्या ओळीतले शब्द त्या जाहिरातीशी जुळवा. आठवड्याने एक फोन, फार तर दोन वाक्यांचा. त्यानंतर उत्तर नाही आलं तर तो विषय बंद, रुसवा न धरता. तोच रिक्रूटर सहा महिन्यांनी दुसऱ्या जागेसाठी स्वतःहून फोन करतो, हे अनेकदा होतं.

याशिवाय आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनमध्ये नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा. लष्करी माणूसच हवा असलेल्या कंपन्या तिथे थेट मागणी कळवतात, म्हणजे तिथे तुमचा हुद्दा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि कोणी रिक्रूटर तुमच्याकडे नोंदणी शुल्क, ट्रेनिंगचे पैसे किंवा ‘प्रोसेसिंग’ मागत असेल तर फोन ठेवा. फी कंपनी देते, उमेदवार नाही. निवृत्तीची रक्कम हातात आलेल्या अधिकाऱ्यांना असे फोन बरेच येतात.

शेवटचं, संदर्भांबद्दल. बायोडेटात तुम्ही दोन ब्रिगेडियरांची नावं दिली आहेत. एक राहू द्या. दुसऱ्याच्या जागी असा माणूस द्या ज्याच्यावर तुमचा अधिकार चालत नव्हता आणि तरी ज्याच्याकडून तुम्ही काम करून घेतलंत: एमईएसचा एखादा मुलकी इंजिनीअर किंवा कँटोन्मेंट बोर्डाचा अधिकारी. ठेकेदार मात्र नको, त्याने कितीही चांगलं सांगितलं तरी ऐकणारा भुवई उंचावतो. आणि त्याचं नाव देण्याआधी त्याला फोन करून सांगा की एका कंपनीकडून फोन येईल, आणि ते बहुधा विचारतील, ‘कर्नलसाहेबांना कोणी नाही म्हटलं तर ते काय करायचे?’